पोस्टिंग ठाण्याला, परीक्षा कॉलेजात

बी.एससी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा दिवस दोन वेळापत्रकांवर चालतो. एक असतं क्लिनिकल रोटेशन प्लॅन: कोणता गट कोणत्या वॉर्डात, किती आठवडे, कोणत्या पाळीला. दुसरं असतं तासांचं आणि परीक्षांचं. ही दोन्ही बहुतेक कॉलेजांत वेगवेगळ्या टेबलांवर तयार होतात. वर्षाच्या सुरुवातीला मास्टर रोटेशन प्लॅन करताना ती एकमेकांसमोर ठेवून पाहिली जातात. पुढे मात्र काहीतरी सरकतं, आणि एक दिवस एकाच मुलीचं नाव वॉर्डाच्या हजेरीत आणि परीक्षेच्या यादीत एकाच वेळी दिसतं. तेव्हा कोर्स कोऑर्डिनेटरला ईमेल लिहावा लागतो. तो कसा लिहावा हे सहसा कुणी शिकवत नाही. म्हणून एक प्रसंग पूर्ण घेऊन पाहू. प्रसंग कल्पित आहे, त्यातले नियम खरे आहेत.

समजा, कॉलेज नाशिकजवळचं आहे. तिसऱ्या वर्षाचं पाचवं सेमिस्टर चालू आहे. या सेमिस्टरला मानसिक आरोग्य नर्सिंग हा विषय असतो आणि त्याचा अनुभव साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पुरेसा मिळत नाही. महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच ठिकाणी आहेत: पुण्यात येरवड्याला, ठाण्याला, नागपूरला आणि रत्नागिरीला. त्यामुळे अनेक कॉलेजं आपले गट पाळीपाळीने तिथे पाठवतात. आपल्या कॉलेजच्या गट 'क' मधल्या दहा मुली सोमवार ५ ऑक्टोबर ते शनिवार ३१ ऑक्टोबर ठाण्याला जाणार आहेत. मुक्काम तिथेच, ड्युटी सकाळी ८ ते दुपारी २, सोबत एक क्लिनिकल इन्स्ट्रक्टर.

कम्युनिटी हेल्थ नर्सिंगची दुसरी सेशनल परीक्षा १ ऑक्टोबरला ठरली होती. पण त्या दिवसांत दुसऱ्या बॅचची विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा लागली, बाहेरचे परीक्षक यायचे ठरले आणि हॉल अडकला. सोमवारी, २८ सप्टेंबरला, नवी नोटीस लागली: सेशनल बुधवार १४ ऑक्टोबरला, दुपारी २.३० ते ४. बाकीच्या गटांना ही वेळ सोयीची आहे. ते गावातल्याच रुग्णालयात सकाळपाळी करतात, दोनला सुटून अडीचला वर्गात बसू शकतात. नोटीस काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच होते. ठाण्याला असणाऱ्या दहा जणी त्या दुपारी कॉलेजपासून दीडशे किलोमीटरवर असतील, हे त्या कागदावर कुठेच दिसत नाही.

हा गोंधळ कुणाच्या निष्काळजीपणाचाच असतो असं नाही, आणि ईमेलचा सूर ठरवताना हे आधी मनात पक्कं हवं. 'आमचा विचारच केला नाही' अशी सुरुवात झाली की वाचणारी व्यक्ती स्वतःचा बचाव करू लागते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

लिहिण्याआधी दोन हिशेब कागदावर मांडावेत. पहिला तासांचा. भारतीय नर्सिंग परिषदेने २०२१ मध्ये जो सुधारित अभ्यासक्रम लागू केला, त्यात क्लिनिकलचं एक क्रेडिट म्हणजे ८० तास. तासिकांना किमान ८० टक्के हजेरी असली की परीक्षेला बसता येतं, पण क्लिनिकलची हजेरी पदवी मिळण्याआधी पूर्ण शंभर टक्के भरावी लागते. म्हणजे वॉर्डातला चुकलेला दिवस माफ होत नाही, तो कधीतरी भरून द्यावाच लागतो. बुधवारच्या परीक्षेसाठी या मुली नाशिकला आल्या, तर त्या दिवसाची सकाळपाळी जाणार, म्हणजे प्रत्येकीचे सहा तास. परत पोचायला रात्र होणार, म्हणून गुरुवार सकाळही धोक्यात. दोन दिवस धरले तर बारा तास, आणि ते भरायचे तर ठाण्याच्या रुग्णालयाची वाढीव परवानगी लागणार. त्या जागेवर १ नोव्हेंबरपासून दुसऱ्या कॉलेजची तुकडी येणार असेल, तर ती परवानगी मिळणंही अवघड.

दुसरा हिशेब गुणांचा. या विषयाच्या लेखी परीक्षेत अंतर्गत गुण २५ आणि विद्यापीठाच्या परीक्षेचे ७५. त्या पंचविसांतले १५ दोन सेशनल परीक्षांतून येतात. प्रत्येक सेशनल ३० गुणांची, दोन्हींची बेरीज करून चारने भागायचं. एखादीला पहिल्या सेशनलमध्ये २४ मिळाले आहेत आणि दुसरीत २२ मिळतील असं धरू. बेरीज ४६, चारने भागून साडेअकरा. दुसरी परीक्षा बुडाली आणि शून्य लागलं, तर २४ भागिले चार, म्हणजे ६. एका दुपारचे साडेपाच गुण. काठावरच्या मुलीच्या निकालाला एवढे पुरतात.

हे दोन हिशेब समोर आले की खरा प्रश्न स्पष्ट होतो: दोहोंपैकी हलवता येण्यासारखं काय आहे? ठाण्याच्या रुग्णालयाच्या तारखा कॉलेजच्या हातात नाहीत, त्या पत्रव्यवहाराने महिनोन्‌महिने आधी ठरतात. क्लिनिकलच्या तासांची अट कोऑर्डिनेटर तर काय, प्राचार्यही सैल करू शकत नाहीत. सेशनल परीक्षा मात्र कॉलेजची स्वतःची असते. तिची तारीख, जागा, पर्यवेक्षक कॉलेज ठरवतं. म्हणून विनंती परीक्षेच्या बाजूने करायची, पोस्टिंगच्या बाजूने करायची नाही. पुष्कळ विद्यार्थिनी नेमकं उलटं करतात. 'परीक्षा आहे, पोस्टिंगला एक दिवस सुट्टी द्या' असं लिहितात, कारण परीक्षा मोठी वाटते आणि ड्युटी रोजची वाटते. तेच उत्तर म्हणून मिळालं तर बारा तासांचा भार त्यांच्याच डोक्यावर येतो.

इथे वॉर्डाची बाजूही सांगायला हवी, कारण परीक्षेच्या चर्चेत तीच पहिली विसरली जाते. मानसोपचाराच्या पोस्टिंगमध्ये विद्यार्थिनीला रुग्ण नेमून दिलेला असतो. त्याची हिस्टरी घ्यायची, मानसिक अवस्थेची तपासणी करायची, त्याच्याशी झालेलं संभाषण शब्दशः लिहून त्याचं विश्लेषण करायचं. याला प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणतात. या कामाचा पाया म्हणजे ठरलेल्या वेळी भेटणं. 'उद्या अकराला पुन्हा बोलू' असं सांगून न जाणं हे महिनोन्‌महिने वॉर्डात असलेल्या माणसासाठी क्षुल्लक नसतं. मधल्या बुधवारी दहाच्या दहा मुली न सांगता गायब झाल्या, तर इनचार्ज सिस्टरच्या दिवसाची घडी विस्कटते आणि रुग्णांच्या मनात काय उठतं ते नोंदवायलाही कुणी नसतं. गैरहजेरी टळणार नसेल, तर निदान ती आधी कळायला हवी. ईमेल वेळेवर जाण्याचं मला पटणारं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

आता क्रम. पहिलं बोलणं क्लिनिकल इन्स्ट्रक्टरशी, समोरासमोर. त्यांना रोटेशन प्लॅन पाठ असतो आणि ठाण्यात काय शक्य आहे हेही ठाऊक असतं. त्यांनी मान डोलावल्यावरच ईमेल. ईमेल कोर्स कोऑर्डिनेटरच्या नावे, सीसीमध्ये क्लिनिकल इन्स्ट्रक्टर आणि कम्युनिटी हेल्थच्या विषय-शिक्षिका. प्राचार्यांना पहिल्याच दिवशी सीसीत घालू नये. ते कोऑर्डिनेटरच्या डोक्यावरून जाणं ठरतं, शिवाय प्राचार्यांकडे फाईल त्यांच्याच हातून जायची असते. रुग्णालयाच्या इनचार्ज सिस्टरला विद्यार्थिनीने थेट लिहायचं नाही. त्या दुसऱ्या संस्थेच्या आहेत, त्यांच्याशी इन्स्ट्रक्टरच बोलतील.

दहा जणींनी दहा ईमेल पाठवणं हीही नेहमीची चूक. प्रत्येकीत तपशील थोडे वेगळे, एकीने तारीख चुकीची लिहिलेली, तिसरीने आजारपणही जोडलेलं. कोऑर्डिनेटरकडे चार बॅचेस असतात, त्यांना यातून एक प्रश्न वेगळा काढायला अर्धा दिवस जाईल. गटाची अडचण एकच असेल तर गटप्रमुखाने किंवा सीआरने एकच ईमेल लिहावा, खाली दहा रोल नंबर द्यावेत. आणि आईवडिलांनी कॉलेजला फोन करू नये. ते काळजीपोटी करतात हे समजतं, पण फोनवरचं बोलणं फाईलला लागत नाही, आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलीचा प्रश्न तिने स्वतः मांडलेलाच ऐकला जातो.

पर्याय आधी शोधून ठेवावेत. या प्रसंगात सर्वांत चांगला पर्याय चटकन सुचत नाही: परीक्षा त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच प्रश्नपत्रिकेवर, पण ठाण्यात. ड्युटी दोनला संपते, परीक्षा अडीचला आहे. क्लिनिकल इन्स्ट्रक्टर तिथे आहेतच, त्या पर्यवेक्षण करू शकतात. प्रश्नपत्रिका सीलबंद पाकिटात त्यांच्यासोबत जाईल, उत्तरपत्रिका सीलबंद परत येतील. वॉर्डाचा एक तासही बुडत नाही आणि विषय-शिक्षिकेला दुसरी प्रश्नपत्रिका काढावी लागत नाही. फक्त रुग्णालयात किंवा वसतिगृहात एक खोली लागेल.

दुसरा पर्याय, परत आल्यावर सोमवार २ नोव्हेंबरला वेगळी परीक्षा. त्यासाठी दुसरी प्रश्नपत्रिका लागेल, आणि अंतर्गत गुण भरण्याची मुदत त्याआधी संपत नाही ना हे पाहावं लागेल. निघण्याआधी शनिवारी ३ तारखेलाच परीक्षा उरकावी असंही काहींना वाटेल. पण मग पेपर अकरा दिवस आधी फुटल्यासारखा होतो, आणि चार दिवसांत दुसरा पेपर काढा असं शिक्षिकेला सांगणं बरं नाही. तो पर्याय ईमेलमध्ये न घालणंच शहाणपणाचं.

मंगळवारी, २९ सप्टेंबरला, म्हणजे नोटीस लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाणारा ईमेल असा असेल. अनेक कॉलेजांत तो इंग्रजीत जातो, पण मजकूर हाच.

विषय: सेम ५, गट 'क': १४ ऑक्टोबरची कम्युनिटी हेल्थ सेशनल २ आणि ठाणे पोस्टिंग एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरपर्यंत निर्णयाची विनंती

आदरणीय मॅडम,

मी सेम ५ च्या गट 'क' ची प्रमुख (रोल नं. २३). गटातल्या दहाही जणींच्या वतीने लिहीत आहे.

२८ सप्टेंबरच्या नोटिशीनुसार कम्युनिटी हेल्थ नर्सिंगची दुसरी सेशनल बुधवार १४ ऑक्टोबरला दुपारी २.३० ते ४ या वेळेत कॉलेजात आहे. क्लिनिकल रोटेशन प्लॅननुसार आमचा गट ५ ते ३१ ऑक्टोबर प्रादेशिक मनोरुग्णालय, ठाणे येथे आहे. रोजची ड्युटी सकाळी ८ ते २, मुक्काम तिथेच. परीक्षेसाठी कॉलेजात आलो तर १४ तारखेची पूर्ण आणि बहुधा १५ तारखेची ड्युटी चुकेल. हे तास ३१ तारखेनंतर ठाण्यात भरून देणं शक्य आहे का, याची खात्री नाही.

आपल्याला योग्य वाटल्यास दोन पर्याय सुचवते.

पहिला: त्याच दिवशी, त्याच वेळी, तीच परीक्षा ठाण्यात घ्यावी. आमच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमशी मी काल बोलले. पर्यवेक्षण करायला आणि खोलीबद्दल तिथे विचारायला त्यांची तयारी आहे.

दुसरा: आम्ही परतल्यावर सोमवार २ नोव्हेंबरला आमची परीक्षा वेगळी घ्यावी.

यांपैकी काहीच शक्य नसेल आणि आम्ही १४ तारखेला कॉलेजात यायचं ठरलं, तर चुकलेली ड्युटी कधी आणि कुठे भरून द्यायची तेही कृपया कळवावं, म्हणजे वॉर्डात आधी सांगता येईल.

आम्ही रविवारी ४ तारखेला निघतो. त्याआधी निर्णय कळला तर प्रश्नपत्रिका सोबत नेण्याची व्यवस्था होऊ शकेल. नोटीस आणि रोटेशन प्लॅनचं संबंधित पान सोबत जोडलं आहे.

गट 'क': रोल नं. २१ ते ३०

आपली विद्यार्थिनी,
(नाव, रोल नंबर, मोबाईल)

या ईमेलमध्ये विषयाची ओळ सर्वांत जास्त काम करते. कोऑर्डिनेटर ती फोनवर, दोन तासांच्या मधल्या वेळात वाचणार आहेत. कोणतं सेमिस्टर, कोणता गट, कोणती तारीख, काय हवंय आणि कधीपर्यंत, हे उघडण्याआधीच कळलं पाहिजे. 'अर्जंट' किंवा 'विनंती अर्ज' एवढ्याने काहीच कळत नाही. दोन्ही कागद जोडले आहेत, कारण त्याशिवाय मॅडमना रोटेशन प्लॅन शोधायला उठावं लागेल आणि उत्तर उद्यावर जाईल. नोटिशीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून खाली 'मॅडम प्लीज बघा' लिहिणं वेगळं आणि हे वेगळं. हा ईमेल त्या तसाच प्राचार्यांकडे पाठवू शकतात, स्वतःची एक ओळ वर जोडून.

चुकलेली ड्युटी कधी भरायची हे विद्यार्थिनीनेच विचारलं आहे, यालाही महत्त्व आहे. ती तास टाळू पाहत नाही हे त्या एका वाक्यातून कळतं, आणि कोऑर्डिनेटरला जो प्रश्न पुढे छळणार होता तो आत्ताच टेबलावर येतो. इन्स्ट्रक्टरची तयारी असल्याचं मात्र खरंच विचारलेलं असेल तरच लिहावं. सीसीमध्ये त्या आहेत, आणि न विचारता त्यांचं नाव घातलं तर सगळ्याच मजकुरावरचा विश्वास जातो.

काय लिहू नये, तेही थोडक्यात. रुग्णाचं नाव, आजार, वॉर्डातला प्रसंग यांतलं काहीही ईमेलमध्ये येता कामा नये, कारण सांगण्यासाठीसुद्धा नाही. दुसऱ्या गटाला मागे कशी सवलत मिळाली होती याचा दाखला देऊ नये. अभ्यास झाला नाही म्हणून तारीख पुढे हवी असेल, तर ते पोस्टिंगच्या आड लपवू नये. इथे विनंती त्याच दिवशीच्या, त्याच वेळेच्या परीक्षेची आहे, म्हणून तिच्यावर संशय घ्यायला जागाच उरत नाही.

उत्तर दोन कामाच्या दिवसांत आलं नाही, तर त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहाव्यात आणि दुपारी केबिनमध्ये जाऊन भेटावं. भेटीत तोंडी 'हो' मिळालं, तर त्याच संध्याकाळी 'आज आपण सांगितल्याप्रमाणे परीक्षा १४ तारखेला ठाण्यात, २.३० वाजता' एवढं लिहून पाठवावं. पुढे गुणांची यादी करताना या दहा जणींच्या उत्तरपत्रिका कुठून आल्या असं कुणी विचारलं, तर ती ओळ उपयोगी पडते.

अशीच एक अडचण वेळापत्रकात दिसतच नाही, ती रात्रपाळीची. रात्रपाळी सकाळी ८ ला संपते आणि परीक्षा १० ला आहे. कागदावर दोन्ही एकमेकांना भिडत नाहीत, म्हणून ती कुणाच्याच लक्षात येत नाही. पण ओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ होतात, आणि बारा तास जागलेली मुलगी दहाला पेपर लिहिते. इथे उलटी विनंती योग्य ठरते: परीक्षा जागच्या जागी राहू दे, आदल्या रात्रीची पाळी दुसऱ्या दिवसाशी बदलून मिळावी. ही पाळी कॉलेजच्याच रोटेशनमधली असते, त्यामुळे इन्स्ट्रक्टर आणि इनचार्ज सिस्टर मिळून ती हलवू शकतात आणि एकही तास कमी होत नाही. मात्र मैत्रिणींनी आपसात पाळ्या बदलून घेऊ नयेत. रात्री काही बिघडलं तर ड्युटी यादीत जिचं नाव आहे तिला विचारलं जातं, आणि ती तिथे नसते.

याहून घातक वाट म्हणजे दोन्हीकडे सही. सकाळी वॉर्डात हजेरी लावून अकराला निघायचं, लॉगबुकमध्ये पूर्ण सहा तास लिहायचे आणि सोबतिणीने ते झाकायचं. वॉर्डाची हजेरी आणि परीक्षेची स्वाक्षरीयादी शेजारी ठेवली की हे दोन मिनिटांत उघडं पडतं. लॉगबुक हा विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मांडला जाणारा दस्तऐवज असतो. त्यावर इन्स्ट्रक्टरची सही असते, म्हणजे खोटे तास लिहिणारी मुलगी आपल्या शिक्षिकेलाही त्यात ओढते. जेवढे तास झाले तेवढेच लिहावेत, उरलेले मेकअप ड्युटी म्हणून तारीख टाकून वेगळे लिहावेत.

आणि मॅडमचं उत्तर 'नाही' आलं तर? समजा त्या लिहितात की सर्वांची परीक्षा कॉलेजातच होईल, गट 'क' ने १३ तारखेला ड्युटी संपवून निघावं. मग त्याच दिवशी तीन गोष्टी करायच्या. मॅडमना लगेच 'निर्णय कळला, त्याप्रमाणे येतो' असं उत्तर द्यायचं आणि त्यातच मेकअप ड्युटीच्या तारखा पुन्हा विचारायच्या. इन्स्ट्रक्टरकरवी इनचार्ज सिस्टरला १४ आणि १५ तारखेची गैरहजेरी कळवायची. आणि नेमून दिलेल्या रुग्णाला मंगळवारी जाताना सांगायचं, की आता शुक्रवारी अकराला येईन.